ओनेजर, मँगोनेल आणि ट्रेबुशे

तोफा येण्यापूर्वी तटबंदीवर धोंडे फेकण्यासाठी वापरली जाणारी यंत्रे. तिन्हींत एक लाकडी भुजा आसाभोवती झटक्याने फिरते आणि टोकाचा धोंडा हवेत सुटतो. फरक दोन गोष्टींत आहे. भुजेला जोर कुठून मिळतो, ही पहिली. दुसरी गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे धोंडा सुटण्याच्या क्षणी भुजेच्या अंगात किती वेग उरलेला असतो.

नावांचा घोळ आधी बाजूला करायला हवा. चित्रपटांत आणि खेळांत चमच्यासारख्या वाटीची, आडव्या दांड्यावर आपटणारी भुजा दाखवून तिला मँगोनेल म्हणतात. मध्ययुगीन लेखक हा शब्द सैलपणे वापरत. आजचे बरेच इतिहासकार मात्र माणसांनी दोर ओढून चालवायच्या यंत्राला मँगोनेल म्हणतात, आणि इथे तोच अर्थ घेतला आहे. ती आपटणारी भुजा खरे तर रोमनांच्या ओनेजरची.

ओनेजरचे वर्णन चौथ्या शतकातल्या अम्मियानुस मार्केलिनुस या सैनिक-इतिहासकाराने केले आहे. जड चौकटीत प्राण्यांच्या स्नायूंचे किंवा केसांचे दोर आडवे ताणून त्यांना पीळ देत आणि त्या पिळाच्या मधोमध भुजेचे बूड खोचत. दोन्ही बाजूंना चार-चार जवान रहाटाने भुजा मागे ओढून जवळजवळ आडवी करत. मग यंत्राचा प्रमुख मोगरीचा घाव घालून खिट्टी उडवी. पीळ उलगडताना भुजा सुमारे पाव फेरा फिरे आणि समोरच्या, भुसा भरलेल्या केसाळ गादीवर आदळे. धोंडा भुजेच्या टोकाला लटकवलेल्या गोफणीतून सुटे.

ही गादी म्हणजेच या यंत्राची खरी मर्यादा. पिळाचा जोर सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि भुजा उठत जाते तसा तो घटतो. भुजा जाडजूड ठेवावी लागते, नाहीतर आदळताना ती मोडेल. म्हणजे पिळातल्या ऊर्जेचा मोठा वाटा भुजा हलवण्यातच जातो आणि शेवटी तो धोंड्याला न मिळता गादीला मिळतो. अम्मियानुस सांगतो की हे यंत्र दगडी तटावर ठेवत नसत. वजनामुळे नव्हे, तर हादऱ्याने तटच खिळखिळा होई म्हणून. त्यामुळे खाली गवताळ मातीचे किंवा विटांचे ढीग रचत. शिवाय दोर दमट हवेत ढिले पडतात आणि वापराने ताण सोडतात. दोन्ही बाजूंचे ताण सारखे राखणे हे वेगळेच काम होते.

मँगोनेलमध्ये पीळ नाही. उंच खांबांवरच्या आसावर तराजूच्या दांडीसारखी भुजा असते. तिचा एक भाग लांब व दुसरा आखूड. लांब टोकाला गोफण, आखूड टोकाला ओढायचे दोर. ही कल्पना चीनमधली. युरोपच्या दिशेने ती सहाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली, जेव्हा आवार नावाच्या भटक्या लोकांनी ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराला वेढा घातला. भारतीय उपखंडातला सर्वांत प्रसिद्ध दाखला सिंधमधल्या देबल बंदराचा आहे. 711-12 च्या मोहिमेत अरब सेनापती मुहम्मद बिन कासिमने तिथे लावलेल्या मंजनीकाला, म्हणजे अशाच दगडफेक्या यंत्राला, ‘अल-अरूस’, म्हणजे नवरी, असे नाव होते. अरब इतिहासकार बलाधुरी म्हणतो की तिच्यासाठी पाचशे माणसे लागत.

माणसांच्या ओढीचा फायदा वेगात दिसतो. 1147 मध्ये लिस्बनच्या वेढ्यात क्रूसेडरांनी शंभर-शंभर जणांच्या पाळ्या लावून दोन यंत्रांतून दहा तासांत पाच हजार दगड फेकल्याचे तिथे हजर असलेल्या एका लेखकाने लिहिले आहे. म्हणजे एका यंत्रातून दर चौदा-पंधरा सेकंदांना एक दगड. आकडा थोडा फुगवलेला असला तरी यंत्राची जात कळते. तोटा असा की माणूस दोर हात-दोन हातच खाली ओढू शकतो, आणि शंभर जणांचा हिसका कधीच एकसारखा पडत नाही. कुणी आधी ओढतो, कुणी दमलेला असतो. त्यामुळे लागोपाठचे दगड एकाच जागी पडत नाहीत. त्या माऱ्याने तटावरची माणसे आडोशाला जातात, तट क्वचितच फुटतो.

ट्रेबुशेत माणसांच्या जागी वजन आले. माती, दगड किंवा शिसे भरलेली पेटी आखूड टोकाला लटकली. अशा यंत्राचे वर्णन सलाहुद्दीनसाठी लिहिलेल्या तरसूसीच्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात सापडते. माणसे आता फक्त वजन वर चढवतात, तेही रहाटाने, सावकाश. जोर साठवून ठेवता येतो आणि पेटीत तेवढेच वजन असेल तर प्रत्येक वेळी तो तेवढाच मिळतो. तटाच्या एकाच भागावर दिवसभर मारा करता येण्याचे कारण हे.

खरी करामत मात्र भुजेची आणि गोफणीची आहे. लांब भाग आखूड भागाच्या चार ते सहा पट असतो आणि गोफण लांब भागाच्या जवळपास तेवढीच. पेटी पडू लागली की भुजा उठते, गोफण जमिनीवरच्या पन्हळीतून घसरत मागून येते आणि मग भुजेला मागे टाकून पुढे झेपावते. झेपावताना तिचा ताण भुजेला मागे खेचतो. यंत्र नीट जुळवलेले असेल तर धोंडा सुटताना भुजा उभी व जवळपास थांबलेली असते. पेटीही तळाशी मंदावलेली असते. ओनेजरची भुजा गादीवर आदळून थांबते, ट्रेबुशेची आपला वेग धोंड्याला देऊन थांबते.

डेन्मार्कमधल्या एका पुनर्रचित यंत्राने 2000 किलोच्या वजनावर 15 किलोचा दगड 168 मीटर फेकला. हवेचा रोध सोडला तर त्यासाठी किमान सेकंदाला 41 मीटर वेग, म्हणजे 12 हजार ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा 2000 किलो वजन 63 सेंटिमीटर उतरले तरी मिळते. प्रत्यक्षात पेटी त्याहून बरीच खाली येते. उरलेली ऊर्जा भुजेत, आसाच्या घर्षणात आणि नंतर झुलत राहणाऱ्या पेटीत जाते.

शिशाला मागणी का होती हे यावरून कळते. तेवढेच वजन लहान पेटीत मावते. 1304 मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्याच्या वेढ्यासाठी इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने चर्चांच्या छपरांवरचे शिसे काढवून आणले. तिथे उभारलेल्या ‘वॉरवुल्फ’ या ट्रेबुशेचा मारा बघण्याआधी किल्ल्याची शरणागती स्वीकारायलाही तो तयार नव्हता.

ट्रेबुशे बिघडतो तो बहुतेक भुजेच्या टोकाच्या, गोफण सोडणाऱ्या आकड्यावर. गोफणीचे एक टोक भुजेला पक्के असते, दुसऱ्या टोकाची कडी आकड्यात अडकवलेली असते. गोफण फिरून पुढे आली की कडी आपोआप निसटते. आकडा सरळ असला तर कडी लवकर निसटते आणि धोंडा उंच जातो. जास्त वाकवला तर उशिरा निसटून धोंडा समोर जमिनीत घुसतो. म्हणून आधी हलक्या वजनावर फेकून बघायचे आणि आकडा थोडा-थोडा वाकवत जायचे.

1521 मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लानच्या वेढ्यात दारूगोळा कमी पडल्यावर स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या एका सैनिकाने असेच यंत्र बांधून देण्याचे कबूल केले. बांधायला दिवस गेले. त्याच सैन्यातल्या बेर्नाल दिआसच्या म्हणण्यानुसार पहिला धोंडा सरळ वर गेला आणि यंत्र उभे होते त्याच जागी खाली पडला. कोर्तेसने ते मोडायला लावले.