फोटोंवरून टर्नअराउंड शीट : एक कॅनव्हास की तीन, या वादाची पार्श्वभूमी

टर्नअराउंड शीट म्हणजे एकाच पात्राच्या समोरच्या, बाजूच्या आणि पाठमोऱ्या आकृत्या शेजारी शेजारी दाखवणारे चित्र. माणसाची समोरची आणि बाजूची छबी अशी ठेवण्याची पद्धत अ‍ॅनिमेशनच्या आधीची आहे. पॅरिसच्या पोलिसांनी 1880च्या दशकात आरोपींचे फोटो ठरावीक अंतरावरून, समोरून आणि बाजूने काढायला सुरुवात केली. ओळख पटवायला पाठ लागत नाही, म्हणून ती त्यात नव्हतीच. 1930च्या दशकात अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओंमध्ये एकच पात्र दहा-बारा हातांनी रेखाटले जाऊ लागले, तेव्हा पाठमोरे दृश्यही कागदावर आले. पुढे थ्रीडी मॉडेलिंगमध्ये हीच शीट पार्श्वभूमीला लावून त्यावर मॉडेल उभे करू लागले आणि अट कडक झाली : डोळे, हनुवटी, मनगट, गुडघा हे तिन्ही दृश्यांत एकाच आडव्या रेषेवर हवेत.

फोटोंवरून अशी शीट तयार करण्याचा खरा इतिहास 2022च्या ऑगस्टपासून सुरू होतो. त्या महिन्यात ड्रीमबूथ ही पद्धत प्रसिद्ध झाली. एखाद्या व्यक्तीचे किंवा वस्तूचे तीन ते पाच फोटो देऊन चित्र बनवणाऱ्या मॉडेलला ती ‘शिकवता’ येऊ लागली. वर्ष संपण्याच्या सुमारास लोरा ही पद्धत आली, शिकवलेला भाग छोट्या फाइलमध्ये मावू लागला आणि घरच्या ग्राफिक्स कार्डावर काम होऊ लागले. 2023च्या सुरुवातीला फक्त टर्नअराउंडची मांडणी शिकलेल्या छोट्या फाइली फिरू लागल्या, आणि फेब्रुवारीत कंट्रोलनेट आल्यावर हाडांचा सांगाडा देऊन पोझ ठरवता येऊ लागली. एवढ्यावर शीट सहज बनेल अशी अपेक्षा होती. पण वाद इथूनच सुरू झाला : तिन्ही आकृत्या एकाच कॅनव्हासवर एका दमात काढायच्या, की प्रत्येक दृश्य स्वतंत्र काढून नंतर जोडायचे?

एका कॅनव्हासच्या बाजूने असलेला मुद्दा पक्का होता. चित्र घडत असताना मॉडेल कॅनव्हासच्या प्रत्येक भागाची इतर सगळ्या भागांशी तुलना करत असते. त्यामुळे समोरच्या आकृतीचा सदरा मोरपंखी झाला, की बाजूच्या आणि पाठमोऱ्या आकृतीचाही तोच रंग, तीच किनार येते. स्वतंत्र काढलेल्या तीन चित्रांत हा दुवाच नसतो. वर्णन शब्दशः सारखे दिले तरी एका चित्रात बाही कोपरापर्यंत येते, दुसऱ्यात मनगटापर्यंत.

विरोधातला मुद्दा चेहऱ्याचा, आणि तो साध्या हिशेबाने पटतो. त्या काळचे प्रचलित मॉडेल 512 पिक्सेलच्या चौकोनावर शिकलेले होते आणि आत ते चित्र आठपट लहान करून काम करते. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच. वर-खाली थोडी जागा सोडून आकृती 480 पिक्सेलची धरली, तर डोके 64 पिक्सेलचे, म्हणजे मॉडेलच्या आत उभ्या आठ चौकटी. एवढ्यात डोळ्याच्या वाट्याला जेमतेम एक चौकट येते. तिथे ओळखीचा चेहरा उमटणे शक्यच नाही. ज्यांना तो दिसत होता त्यांना केस आणि चष्मा दिसत होता. 2023च्या मध्यावर आलेल्या 1024 पिक्सेलच्या मॉडेलने चौकटी सोळा केल्या. सुधारणा झाली, पण चेहरा तेवढ्यानेही पुरेसा उमटत नव्हता.

टिकली ती मधली वाट, आणि तीच योग्य होती. आधी सांगाड्यांसह तिन्ही आकृत्या एका कॅनव्हासवर काढायच्या आणि त्यातून फक्त कपडे व प्रमाण घ्यायचे. मग प्रत्येक आकृती कापून दुप्पट मोठी करायची आणि 0.3 ते 0.4 एवढ्याच डीनॉइजवर, म्हणजे हातातले चित्र किती बदलू द्यायचे ते ठरवणाऱ्या आकड्यावर, मॉडेलमधून पुन्हा फिरवायची. 0.5च्या वर गेले की प्रत्येक दृश्याचे कपडे आपापल्या वाटेने बदलू लागतात. शेवटी चेहऱ्याचा भाग वेगळा काढून, त्या व्यक्तीची लोरा फाइल लावून पूर्ण 512 किंवा 1024 पिक्सेलवर रंगवायचा आणि जागेवर बसवायचा.

पाठमोऱ्या दृश्यात ही शेवटची पायरी उलटते. लोरा बहुतेक चेहऱ्याच्या फोटोंवरच शिकलेले असल्याने डोक्याच्या मागेही चेहराच आणू पाहते. मान पाठीकडे वळलेली दिसते किंवा केसांत नाकाचा उंचवटा उगवतो. म्हणून पाठमोऱ्या सांगाड्यातून नाक आणि डोळ्यांचे बिंदू काढून फक्त कानांचे ठेवायचे, आणि चेहऱ्याचा संदर्भ त्या आकृतीपुरता पूर्ण बंद करायचा. 2023-24मध्ये शिकवणीशिवाय एका फोटोवरून चेहरा उचलणारी साधने आली, त्यांनाही हेच लागू होते. त्यांची आणखी एक अडचण म्हणजे पूर्ण बाजूच्या दृश्यात चेहरा शोधणारा भाग अनेकदा चेहरा सापडलाच नाही म्हणतो.

डाव्या-उजव्याचा घोळ मात्र कुठल्याच पिढीत सुटलेला नाही. नऊवारी नेसलेल्या आजींच्या पात्रावर तो लगेच पकडता येतो. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणजे समोरच्या दृश्यात तो पाहणाऱ्याच्या उजवीकडे आणि पाठमोऱ्या दृश्यात पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसायला हवा. मॉडेल मात्र दोन्हीकडे उजवीकडेच ठेवते, कारण आकृत्या एकमेकींसारख्या ठेवणे त्याला सोपे जाते. काष्टा तर समोरच्या फोटोंत नसतोच. मागे खोचलेल्या काष्ट्याऐवजी सहावारीसारखा सरळ घोळ आला, तर ते दृश्य फोटोंवरून आलेले नसून कल्पनेने भरलेले आहे हे ओळखावे. उपाय एकच, फोटो काढतानाच पाठीचा एक घेणे.

या घोळाची निम्मी कारणे फोटोंमध्येच असतात. काही फोन सेल्फी आरशातल्यासारखी उलटी जतन करतात. असे दोन आणि सरळ दोन फोटो एकत्र दिले की भांग मधोमध सरकतो, गालावरचा तीळ दोन्हीकडे येतो. शिकवणीच्या वेळी आडवे उलटवण्याचा पर्याय चालू राहिला तरी हेच होते. फोटो कमी म्हणून तो सर्रास चालू ठेवला जाई. अंतराचेही तसेच आहे. साधारण 30 सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसते त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असे 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती मांडणीत दाखवले होते. टर्नअराउंडला तर जवळून काढल्याने येणारी अशी विकृती चालतच नाही. दोन ते तीन मीटरवरून, झूम करून काढलेले चार फोटो वीस सेल्फींपेक्षा उपयोगी पडतात.

मार्च 2023पासून कॅमेऱ्याचा कोन आकड्यातच सांगता येणारी मॉडेलही आली. ती थ्रीडी वस्तूंच्या रेंडरवर शिकलेली असल्याने दृश्ये भूमितीला धरून फिरतात, पण सुरुवातीची 256 पिक्सेलची होती आणि माणसाचा चेहरा मेणासारखा करत. 2025मध्ये फोटो देऊन साध्या वाक्यात ‘आता पाठीमागून दाखव’ सांगता येईल अशी मॉडेल सगळ्यांच्या हाती आली, आणि वरचा खटाटोप बऱ्याच जणांनी सोडला. त्यांच्या शीटवरही डोळे, कंबर आणि गुडघा यांच्या आडव्या रेषा ओढून पाहिल्या, तर बाजूची आकृती थोडी लहान किंवा मोठी निघते. ती त्याच प्रमाणात ताणून रेषेवर आणावी लागते, आणि पदर पुन्हा एकदा तपासावा लागतो.