वयोमान आणि औषधमात्रा

वयोमान आणि औषधमात्रा : बालकांना आणि वृद्धांना औषध देताना मात्रेचे प्रमाण आणि दोन मात्रांमधील अंतर ही दोन्ही प्रौढांपेक्षा वेगळी ठेवावी लागतात. औषधाचे शोषण, शरीरातील वितरण, यकृतातील चयापचय आणि मुख्यतः मूत्रपिंडांवाटे होणारे उत्सर्जन हे चारही टप्पे वयाप्रमाणे बदलतात. मात्र ते एका वेगाने किंवा एका दिशेने बदलत नाहीत. मात्रा नेमकी कशावर ठरते हे जेंटामायसीन या प्रतिजैविकावरून चांगले कळते. ते पेशींबाहेरच्या पाण्यात राहते, चरबीत फारसे शिरत नाही, यकृतात बदलत नाही आणि जवळजवळ जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे शरीरातील पाणी आणि मूत्रपिंडांची क्षमता या दोनच गोष्टींचा हिशेब करावा लागतो.

मात्रेचे जुने नियम : मुलांची मात्रा प्रौढांच्या मात्रेवरून काढण्याचे अनेक नियम प्रचारात होते. इंग्रज वैद्य व भौतिकीविज्ञ टॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा असावा. मुलाच्या वयाला वय अधिक १२ ने भागायचे आणि येणाऱ्या अपूर्णांकाने प्रौढ मात्रेला गुणायचे, असा तो आहे. चार वर्षांच्या मुलासाठी उत्तर पाव येते, ते चालण्यासारखे आहे. पण नवजात अर्भकासाठी शून्य येते. अर्भकांसाठी महिन्यांवर आधारलेला फ्राइड यांचा नियम पुढे आला. क्लार्क यांच्या नियमात वय नसून वजन आहे : पौंडांतील वजन भागिले १५०. विसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः १९५० नंतर, शरीराच्या पृष्ठफळावरून मात्रा काढण्याची शिफारस होऊ लागली. कर्करोगाच्या औषधांत ती पद्धत आजही रूढ आहे.

या नियमांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. २० किग्रॅ. वजनाच्या मुलाला क्लार्क यांच्या नियमाने प्रौढ मात्रेच्या सुमारे २९ टक्के औषध मिळते, तर पृष्ठफळानुसार सुमारे ४६ टक्के. फरक पडतो तो लहान शरीरात चयापचयाचा दर वजनाच्या मानाने अधिक असतो म्हणून. वजन निम्मे झाले तरी औषध काढून टाकण्याची क्षमता निम्मी होत नाही. हे नाते मांडण्यासाठी वजनाच्या गुणोत्तराचा घात घेतात. क्लायबर यांनी १९३२ मध्ये प्राण्यांच्या चयापचयदराच्या अभ्यासातून हा घात ३/४ च्या आसपास असल्याचे मांडले. पृष्ठफळाचा तर्क मात्र २/३ कडे नेतो. वेस्ट, ब्राउन व एन्क्विस्ट यांनी १९९७ मध्ये रक्तवाहिन्यांच्या शाखाविस्तारावरून ३/४ ला सैद्धांतिक आधार दिला, परंतु त्यातील गृहीतके सर्वमान्य झालेली नाहीत. वरील मुलासाठी ३/४ घाताने ३९ टक्के आणि २/३ घाताने ४३ टक्के असे उत्तर येते. रुग्णशय्येपाशी हा फरक मोजमापातल्या इतर चुकांत बुडून जातो. म्हणूनच औषधविज्ञानात तत्त्वाचा वाद बाजूला ठेवून सोयीसाठी ३/४ वापरण्याकडे कल दिसतो.

दोन वर्षांच्या आत मात्र कोणताही घात पुरत नाही. ३ किग्रॅ. वजनाच्या अर्भकासाठी ३/४ घात वापरला, तर प्रौढाच्या गालनदरावरून, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला जो १२० मिलि. द्रव गाळतात त्यावरून, मिनिटाला सुमारे ११ मिलि. असा अंदाज निघतो. पूर्ण दिवसांच्या अर्भकात जन्मताच प्रत्यक्षात २ ते ४ मिलि. एवढाच दर आढळतो. शरीर लहान असणे आणि इंद्रिय अपक्व असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या सर्व नियमांत त्यांची सरमिसळ झालेली आहे. गालनदर पहिल्या दोन आठवड्यांत साधारण दुप्पट होतो आणि पृष्ठफळाच्या मानाने पाहिल्यास वर्षाच्या आसपास प्रौढ पातळीला पोहोचतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत ही वाढ मंद असते.

नवजातातील मात्रा : प्रौढात पेशीबाह्य पाणी वजनाच्या सुमारे २० टक्के असते, नवजातात ४० टक्क्यांच्या वर. जेंटामायसीन याच पाण्यात पसरत असल्यामुळे प्रौढात किलोमागे सुमारे पाव लिटर आणि नवजातात सुमारे अर्धा लिटर एवढ्या आकारमानात ते विरळ होते. पूर्ण दिवसांच्या ३ किग्रॅ. वजनाच्या अर्भकाला किलोमागे ४ मिग्रॅ. म्हणजे १२ मिग्रॅ. औषध दिले, तर ते दीड लिटरमध्ये पसरून रक्तातील पातळी लिटरला ८ मिग्रॅ. होते. प्रौढात एवढीच पातळी गाठायला किलोमागे २ मिग्रॅ. पुरतात. बाळाला ‘कमी द्यावे’ ही सहजभावना येथे चुकते : किलोमागे मात्रा दुप्पट लागते.

अंतराचे गणित याच्या उलट चालते. प्रौढात औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, दोन ते तीन तासांचा असतो. पहिल्या आठवड्यातील अर्भकात तो सहा तास धरू. मग ८ ची पातळी सहा तासांनी ४, बारा तासांनी २, अठरा तासांनी १ आणि चोवीस तासांनी अर्धा मिग्रॅ. होईल. पुढची मात्रा देण्यापूर्वी पातळी १ च्या खाली असावी, असे सामान्यतः मानतात. म्हणून चोवीस तासांचे अंतर योग्य ठरते. फार अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात अर्धायुष्य अकरा तासांपर्यंत जाऊ शकते. तेथे चोवीस तासांनीही जवळजवळ १·८ मिग्रॅ. शिल्लक राहते. अशा वेळी मात्रा कमी करणे हा सहज सुचणारा उपाय चुकीचा आहे, कारण जंतू मारायला लागणारी सर्वोच्च पातळीच त्याने हातची जाते. मात्रा तीच ठेवून अंतर ३६ किंवा ४८ तासांवर न्यावे लागते. पहिली मात्रा वितरणाच्या आकारमानावरून ठरते, पुढच्या मात्रांचे अंतर निष्कासनाच्या क्षमतेवरून ठरते.

शोषण व चयापचय : जन्माच्या वेळी जठररस जवळजवळ उदासीन असतो, त्यामुळे आम्लात नाश पावणारे पेनिसिलीन जी नवजातात तोंडावाटे अधिक शोषले जाते. जठराची आम्लता प्रौढासारखी नेमकी कोणत्या वयात होते याविषयी पाठ्यग्रंथांत एकवाक्यता नाही. वृद्धांत शोषणाचा वेग थोडा मंदावतो, पण शोषल्या जाणाऱ्या एकूण औषधात बहुधा मोठा फरक पडत नाही.

चयापचयातील अपक्वतेचे सर्वांत ठळक उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉलचे आहे. १९५० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना संसर्ग टाळण्यासाठी हे औषध किलोमागे रोज १०० मिग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक दिले जाई. काही दिवसांतच पोट फुगणे, उलट्या, शरीर थंड पडणे, त्वचा राखाडी होणे आणि रक्ताभिसरण कोसळून मृत्यू, असा क्रम दिसू लागला. १९५९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांमुळे त्याचा संबंध औषधाशी जोडला गेला. यकृतात ग्लुकुरॉनिक अम्लाशी संयोग घडवणारे एंझाइम अपक्व आणि मूत्रपिंडही अपक्व, त्यामुळे प्रत्येक मात्रेगणिक औषध साचत जाई. पुढे दोन आठवड्यांच्या आतील अर्भकांसाठी ही मात्रा रोज किलोमागे २५ मिग्रॅ. वर आणण्यात आली.

वृद्धांत संयोगाच्या या क्रिया बऱ्यापैकी टिकून राहतात, ऑक्सिडीकरणाच्या क्रिया मंदावतात. यकृताचे आकारमान व त्याला होणारा रक्तपुरवठाही घटतो. पण प्रत्येक लांबलेल्या अर्धायुष्याचा दोष यकृताला देता येत नाही. डायझेपामचे अर्धायुष्य विशीत सुमारे २० तास, तर ऐंशीत सुमारे ९० तास असल्याचे १९७५ मध्ये दाखवण्यात आले. त्या अभ्यासात निष्कासन फारसे कमी झालेले नव्हते. चरबीचे प्रमाण वाढल्याने चरबीत विरघळणारे हे औषध अधिक विस्तृत भागात पसरते आणि तेथून सावकाश परतते. उपचार थांबवल्यावरही कित्येक दिवस रेंगाळणारी झोप आणि तोल जाऊन पडणे हा त्याचा परिणाम.

वृद्धांतील मूत्रपिंड : गालनदर वयानुसार घटतो हे १९५० पासूनच्या मोजमापांतून दिसत होते, पण ते निरनिराळ्या वयांच्या निरनिराळ्या व्यक्तींवर आधारलेले होते. बॉल्टिमोर येथील दीर्घकालीन अभ्यासात त्याच व्यक्तींची वर्षानुवर्षे तपासणी झाली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्रिॲटिनीन या टाकाऊ द्रव्याच्या निष्कासनातील, म्हणजे गालनदर दाखवणाऱ्या मापातील, सरासरी घट वर्षाला मिनिटामागे सुमारे ०·७५ मिलि. होती, मात्र सुमारे एकतृतीयांश व्यक्तींत घट आढळलीच नाही. ही घट वार्धक्याची की रक्तदाबासारख्या रोगांची, हा वाद मिटलेला नाही. औषध देणाऱ्याने सरासरीवर न विसंबता त्या व्यक्तीचा अंदाज घ्यावा, हे अधिक सयुक्तिक दिसते.

हा अंदाज रक्तातील क्रिॲटिनीनच्या आकड्यावर थांबला, तर फसगत होते. क्रिॲटिनीन स्नायूंत तयार होते. वृद्धांत स्नायू झिजतात, म्हणून उत्पादन कमी आणि उत्सर्जनही कमी, आणि रक्तातला आकडा मात्र ‘नॉर्मल’. कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र वय आणि वजन धरते : (१४० − वय) × किलोतील वजन ÷ (७२ × क्रिॲटिनीन), स्त्रियांसाठी उत्तराला ०·८५ ने गुणायचे. ३० वर्षांच्या ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषात क्रिॲटिनीन दर १०० मिलि. रक्तात १·० मिग्रॅ. असेल, तर मिनिटाला सुमारे १०७ मिलि. निघतात. ८४ वर्षांच्या ४५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीत तोच १·० हा आकडा असताना ५६ × ४५ ÷ ७२ = ३५, आणि ०·८५ ने गुणून जेमतेम ३०. प्रयोगशाळेच्या अहवालात दोघांपुढेही लाल खूण नसते.

जेंटामायसीनच्या बाबतीत याचा अर्थ असा : पुरुषात अर्धायुष्य सुमारे दोन तास, तर या स्त्रीत चार तासांहून थोडे अधिक. दर आठ तासांनी मात्रा दिली, तर पुरुषात पुढच्या मात्रेपूर्वी ५ टक्क्यांच्या आसपास औषध उरते, स्त्रीत चतुर्थांशाहून अधिक. उरलेले औषध मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करते, निष्कासन आणखी घटते आणि पुढच्या मात्रेनंतर साठा वाढतो. क्रिॲटिनीन वाढलेले दिसायला बहुधा पाच-सात दिवस लागतात. मात्रेपूर्वीची पातळी मोजली तर हेच त्याआधी कळते. आंतर्कर्णाची इजा मात्र पुष्कळदा कायमची असते. नवजातासारखेच येथेही अंतर वाढवायचे असते, पण किलोमागची मात्रा दुप्पट करण्याचे कारण नसते.

या सूत्रालाही मर्यादा आहेत. ते ज्या २४९ रुग्णांवर बेतले गेले त्यांत बहुतेक पुरुष होते. स्त्रियांसाठीचा गुणक मोजमापातून नव्हे, स्नायूंच्या प्रमाणावरून घेतलेला आहे. अतिकृश वृद्धात क्रिॲटिनीन ०·६ आले, तर वरील स्त्रीचे उत्तर एकदम ५० वर जाते. म्हणून कित्येक जण तो आकडा वर सरकवून १·० धरतात. ही प्रथा सावधपणाची असली तरी तिला प्रत्यक्ष मोजमापांचा भक्कम पाठिंबा नाही आणि तिने मात्रा अपुरी पडण्याचा धोका असतो. सिस्टॅटिन सी हे प्रथिन स्नायूंवर कमी अवलंबून असल्याने अशा रुग्णांत अधिक उपयोगी ठरते, पण अवटू ग्रंथीचे विकार, स्टेरॉइड औषधे आणि दाह यांमुळे त्याचाही आकडा बदलतो. गालनदराची नवी सूत्रे पृष्ठफळाच्या प्रमाणात उत्तर देतात. लहानखुऱ्या व्यक्तीत ते तसेच वापरल्यास क्षमता जास्त भासते. अनेक औषधांच्या माहितीपत्रकांतील मात्रा आजही १९७६ च्या सूत्रावरच बेतलेल्या आहेत. पंच्याऐंशीपुढील, एकाच वेळी अनेक औषधे घेणाऱ्या व्यक्ती औषधांच्या चाचण्यांत क्वचितच असतात. त्यांच्यासाठी छापलेल्या मात्रा बहुतांशी तरुण वृद्धांवरून काढलेल्या आहेत.