गाढव अडतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं

आमच्या मागच्या गल्लीत बांधकाम चालू होतं आणि आत ट्रक जायला जागाच नव्हती, म्हणून वाळू गाढवांवरून जायची. एक दिवस पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणला आणि चरावर लोखंडी पत्रा टाकला. पहिलं गाढव त्या पत्र्यापाशी आलं आणि थांबलं. थांबलं म्हणजे चारी पाय रोवून, मान ताठ, खिळा ठोकल्यासारखं. बरोबरच्या पोरानं दोर ओढला, मग मागून पाइपचे दोन फटके दिले, गाढव इंचभर हललं नाही. पोरगं चिडून म्हणालं, "हट्टी आहे साला."

मागून येणारे मामा म्हणाले, "दोर सोड. त्याला बघू दे आधी."

या दोन वाक्यांत जवळपास सगळं सायन्स आहे, म्हणून तिथनंच सुरू करते.

गाढवाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळं त्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, अगदी मागचंही बरंचसं. पण याची किंमत अशी की दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा, म्हणजे अंतर आणि खोली नीट कळणारा भाग अरुंद असतो, आणि तो नाकाच्या रोखानं खाली उतरतो. कपाळासमोर आणि नाकाखाली तर त्याला काहीच दिसत नाही. म्हणजे पायाजवळचं काही नीट बघायचं असेल तर गाढवाला मान खाली घालावीच लागते. आता आपण काय करतो? दोर पुढं ओढतो, डोकं वर उचललं जातं, आणि ज्या गोष्टीला ते घाबरलंय नेमकी तीच दिसेनाशी होते. वर ओढ बसली की उलट्या दिशेनं जोर लावायची या जनावरांची सवय असते (घोड्यालाही असते), त्यामुळं आपण जितकं ओढू तितकं ते मागं रेटणार. बाहेरून बघणाऱ्याला हा हट्ट दिसतो, पण यातला निम्मा तरी आपल्याच दोरानं तयार झालेला असतो.

पत्रा बघा कसा असेल त्याच्यासाठी. उन्हात चकाकतोय, कडेला काळी सावली, आणि सावली म्हणजे खड्डा आहे की नुसता काळा डाग हे लांबून कळत नाही. उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात त्याची नजर आपल्यापेक्षा सावकाश जुळते. म्हणून गाढवं गटाराच्या जाळीपाशी, वाहत्या पाण्यापाशी, गोठ्याच्या अंधाऱ्या दारात अडतात. ही यादी नीट बघितली तर प्रत्येक ठिकाणी पाय कुठं पडणार हे कळत नसतं.

पण मग घोडा का नाही असा अडत? घोडाही घाबरतो, पण तो उधळतो. फरक दोघांच्या मूळ गावांत आहे. घोडा मोकळ्या गवताळ रानातला, कळपात राहणारा, तिथं शंका आली की सगळ्यांनी मिळून पळत सुटणं हाच शहाणपणा. आपलं पाळीव गाढव मात्र आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलंय (कच्छच्या रणातलं गोरखर वेगळी जात, ते याचे पूर्वज नव्हेत). साधारण 7000 वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसानं त्याला पाळलं, आणि त्याचे रानटी भाऊबंद आता इरिट्रिया आणि इथिओपियाच्या रखरखीत भागात काही शेच उरलेत. तिथं चारा इतका विरळ की मोठा कळप एकत्र जगूच शकत नाही, पक्की जोडी काय ती आई आणि शिंगराची, बाकीची गाढवं विखुरलेली. जमीन दगडधोंड्यांची, चढउताराची. अशा ठिकाणी आवाज आला की आंधळेपणानं पळालं तर पाय मोडणार, आणि पाय मोडलेलं जनावर गेलंच. शिवाय बरोबर धावणारे शंभर जण नाहीत, मागं वळून निर्णय घेणारं कुणी नाही, एकट्यानंच ठरवायचंय. म्हणून त्याच्या अंगात पळण्याआधी थांबणं भिनलंय: थांब, कान लाव, बघ, मग पळायचं की लढायचं ते ठरव. लढतंही ते, चावतं, पुढच्या पायांनी तुडवतं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कळपात राखणीला गाढव ठेवतात ते यासाठीच, कुत्रं आलं तर ते पळत नाही.

म्हणजे भीती दोघांनाही तेवढीच, घोड्याची पळताना दिसते आणि गाढवाची दिसतच नाही, म्हणून घोडा बुजरा आणि गाढव हट्टी. मला हा फार मोठा अन्याय वाटतो, कारण या एका शब्दावर त्यानं हजारो वर्षं फटके खाल्लेत.

तर मामांनी दोर ढिला केला. गाढवानं दोन्ही कान पत्र्याकडं रोखले, मान खाली घातली, नाकानं जोरात फुर्र केलं, मग एक पुढचा खूर पत्र्यावर आपटून बघितला. खण्ण वाजलं तसं एक पाऊल मागं. मामा गप्प उभे. मग ते मागं गेले आणि एक म्हातारी गाढवीण पुढं घेऊन आले, जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून आणलेली, दोघं कायम शेजारी बांधलेली. ती सरळ पत्र्यावरून चालत गेली आणि हे तिच्या मागोमाग. गाढवं अशी जोडी लावतात, जोडीदार मागं राहिला तरी काही गाढवं पुढं पाऊल टाकत नाहीत. सगळं मिळून चारेक मिनिटं लागली असतील, आणि पुढच्या खेपेला ते पत्र्यापाशी थांबलंसुद्धा नाही. हट्ट असता तर परत थांबलं असतं. फटके मारून पार नेलं असतं तर पत्रा आणि मार यांची गाठ डोक्यात बसली असती, कारण जागा आणि वाट गाढव चांगलं लक्षात ठेवतं.

थांबलं की काम टळतं हेही गाढव शिकू शकतं, नाही असं नाही. पण तसं म्हणायच्या आधी आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे दुखणं. गाढव दुखणं लपवतं, एकट्या जनावराला लंगडं दिसणं परवडत नाही. घोडा पोटात कळ आली की लोळतो, लाथा झाडतो, गाढव नुसतं मलूल होतं, खाणं कमी करतं. आणि खाणं सुटलं तर अंगातली चरबी रक्तात उतरून थोड्या दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून सुस्त गाढव दिसलं तर उद्यावर न टाकता डॉक्टरला बोलवावं. कामातली खूण अशी: घाबरलेल्या गाढवाचे कान एका वस्तूवर रोखलेले असतात. दुखणाऱ्याचे कान मागं किंवा बाजूला पडलेले, समोर बघण्यासारखं काही नाही, शेपूट दाबलेली, पाठीला हात लावला की कातडी थरथरते. ओझ्याचा हिशोबही करून बघा, तीन किलोची वीट धरली तर तीस विटा म्हणजे नव्वद किलो, आणि आपल्याकडचं लहान चणीचं गाढव स्वतःच शंभर-सव्वाशे किलोचं.

त्याच दिवशी दुपारी तेच गाढव पुन्हा अडलं. पत्रा लांब होता, रस्ता सपाट होता. पोरानं पाइप उचलला नाही, मामांकडं बघितलं. मामांनी गोण उतरवली, खालचं पोतं बाजूला केलं, तर पाठीच्या कण्यावर रुपयाएवढी ओली जखम होती, पोत्याला चिकटलेली. दोघांनी मिळून वाळू तिथंच ओतली, आणि गाढवाला नेऊन सावलीत म्हातारीच्या शेजारी बांधलं.