लॅबमधून रॉम मागण्याचा अर्ज: पात्रता, कागद आणि तो ‘शब्द × बिट’चा रकाना

इंदूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात डिजिटल लॅबमधून प्रोजेक्टसाठी चिप हवी असेल, तर दोन पानांचा अर्ज भरावा लागतो. अर्ज मीच तपासतो आणि चिपही मीच देतो. परत जाणारे बहुतेक अर्ज एकाच रकान्यावर अडतात: ‘लागणारी मेमरी, शब्द × बिट’. मुलं तिथे बाजारात मिळणाऱ्या चिपचा आकार लिहितात. विचारलेलं असतं ते तुमच्या फंक्शनला किती मेमरी लागते हे.

पात्र कोण?

पहिली अट म्हणजे फंक्शन कॉम्बिनेशनल हवं, म्हणजे आत्ताच्या इनपुटवरून आत्ताचं आउटपुट ठरलं पाहिजे. मागे काय घडलं ते लक्षात ठेवायचं असेल तर नुसत्या रॉमने भागत नाही. काउंटरसाठी रॉम मागणारे दरवर्षी दोन-तीन तरी येतात, त्यांना फ्लिप-फ्लॉपच्या कपाटाकडे पाठवतो. दुसरी अट, आउटपुट कुणाच्या क्लॉकला थेट जोडायचं नाही. इनपुट बदलल्यावर उत्तर स्थिर होईपर्यंत रॉमच्या पायांवर क्षणभर काहीही येऊ शकतं, आणि क्लॉक त्यालाच पल्स समजतं. तिसरी अट लॅबच्या साठ्याची आहे: आम्ही 28C16 देतो, तिला ११ अ‍ॅड्रेस पाय आणि ८ डेटा पाय आहेत. फंक्शनची इनपुटं ११ पेक्षा जास्त असतील तर खाली पीएलएबद्दल लिहिलंय ते वाचा.

आकार कसा काढायचा

गेल्या वर्षीचा एक अर्ज घेतो. राजवाड्याकडची एक विद्यार्थिनी गणेशोत्सवातल्या महाप्रसादासाठी पंगतीचा मोजक करत होती. दारातून माणूस आत गेला की काउंटर एकाने वाढणार आणि आकडा दशक-एकक असा दिसणार. पंगत साठ पानांची, म्हणून सहा बिटांचा काउंटर पुरतो, तो ० ते ६३ मोजतो. काउंटर वेगळा होता. रॉम हवी होती ती या बायनरी आकड्याचा बीसीडी करायला.

तिने आधी लिहिलं होतं: इनपुट ६, आउटपुट ७ (दशकाचे ३ बिट, कारण दशक ६ च्या वर जात नाही, आणि एककाचे ४).

```
2^6 × 7 = 64 × 7 = 448 bit
```

हिशेब बरोबर होता, तरी मी अर्ज परत दिला. म्हटलं, तक्ता बघ, एककाचा शेवटचा बिट कधी बदलतो? तिने दोन मिनिटं पाहिलं आणि हसली. “सर, तो तर इनपुटचाच शेवटचा बिट आहे!” आकडा विषम असेल तर एककही विषमच असणार. मग तो बिट रॉममध्ये घालायचाच कशाला, सरळ तारेने पुढे न्यावा. शिवाय दशक आणि एककाचे वरचे तीन बिट शेवटच्या बिटावर अवलंबूनच नाहीत, ४६ आणि ४७ साठी ते सारखेच असतात. म्हणून इनपुटही एकाने कमी होतं:

```
2^5 × 6 = 32 × 6 = 192 bit
```

आउटपुट कमी केलं की थोडेच बिट वाचतात, पण एक इनपुट गेलं की शब्द निम्मे होतात. म्हणून अर्ज भरण्याआधी शोध इनपुटांमध्येच घ्यावा. ७४ मालिकेतली 74185 ही बायनरी ते बीसीडी चिपही आतून ३२ × ८ ची रॉमच आहे आणि तिच्यातही शेवटचा बिट बाहेरूनच जातो.

28C16 मध्ये २०४८ शब्द असतात, आपल्याला ३२ लागतात. उरलेले वाया जातात, तरी लॅबला हीच चिप परवडते. रकान्यात मात्र ३२ × ६ च लिहायचं.

कागद

तीन कागद लागतात. ट्रुथ टेबलवर कुठला बिट A0 वर जाणार ते स्पष्ट लिहिलेलं हवं. जोडणीचा आराखडा हवा, त्यात न वापरलेले पायही दाखवायचे. या उदाहरणात A5 ते A10 हे सहा पाय ग्राउंडला, CE आणि OE ग्राउंडला, WE पाच व्होल्टला. अ‍ॅड्रेसचा पाय मोकळा सोडला तर चिप मनाला येईल तो शब्द वाचते, आणि बोट जवळ नेलं तरी आकडा बदलतो. तिसरा कागद म्हणजे प्रोग्रामरला द्यायच्या बाइट. वरचे तीन बिट दशक, खालचे तीन एककाचे:

```
00 01 02 03 04  08 09 0A 0B 0C
10 11 12 13 14  18 19 1A 1B 1C
20 21 22 23 24  28 29 2A 2B 2C
30 31
```

४७ घेऊन ताडून पाहा. बायनरीत १०१११ १. वरचे पाच बिट म्हणजे २३, आणि २३ व्या जागी (शून्यापासून मोजून) `23` आहे, म्हणजे १०० ०११. दशक ४. एकक ०११ आणि तारेने आलेला १, म्हणजे ०१११, सात.

पीएलए कधी मागावी

रॉम प्रत्येक इनपुट जुळणीसाठी एक शब्द ठेवते, लागो वा न लागो. पीएलए फक्त लागणाऱ्या प्रॉडक्ट टर्म ठेवते, आणि एक टर्म अनेक आउटपुटांना वापरता येते. म्हणून तिचा आकार टर्मवर ठरतो. n इनपुट, p टर्म, m आउटपुट असतील तर जोडण्या:

```
2·n·p + p·m
```

एकाने मायक्रोप्रोसेसरच्या १६ अ‍ॅड्रेस लाइनमधून पाच चिप-सिलेक्ट काढायचे होते, प्रत्येकाला एकच टर्म. रॉमने करायचं तर ६५५३६ × ५ बिट. बिट मोजले तर 28C16 च्या बरोबर वीस चिपांएवढे, पण प्रत्येक शब्दातले तीन बिट रिकामे जाणार, म्हणून प्रत्यक्षात बत्तीस. पीएलएने १६० + २५ = १८५ जोडण्या. असा अर्ज पीएलएचाच. शिल्लक साठ्यात खरी पीएलए नाही, आम्ही GAL22V10 देतो. तिच्यात प्रत्येक आउटपुटच्या टर्म स्वतंत्र असतात, वाटून घेता येत नाहीत, आणि एका आउटपुटला जागेनुसार ८ ते १६ एवढ्याच मिळतात.

उलटं उदाहरण पॅरिटीचं. आठ बिटांच्या पॅरिटीत दोन मिंटर्म कधीच एकत्र होत नाहीत, १२८ च्या १२८ टर्म राहतात. रॉमने तेच काम २५६ × १ मध्ये होतं. म्हणून पीएलएच्या अर्जाला सोप्या केलेल्या टर्मची यादी जोडावीच लागते, नुसतं “इनपुट जास्त आहेत” चालत नाही.

चिप मिळाल्यावर

चिप नेण्याआधी माझ्यासमोर ब्रेडबोर्डवर चाचणी होते, आणि मी स्विचवर पहिल्यांदा २ लावतो. त्या मुलीच्या सर्किटवर ३२ दिसलं. ती म्हणाली, प्रोग्रामिंग चुकलं, दुसरी चिप द्या. चिप ठीक होती. अ‍ॅड्रेसच्या पाच तारा उलट्या क्रमाने लागल्या होत्या, ००००१ चे १०००० झाले होते. घरी तिने ०, १, ६२ आणि ६३ तपासले होते आणि चारही बरोबर आले होते, कारण ००००० आणि १११११ कुठूनही वाचले तरी तेच. तारा फिरवल्या, २ चे २ दिसले, ४७ लावले तर ५९ ऐवजी ४७ आले, आणि मी अर्जावर सही केली.