सात वर्षं भरली तरी अर्ज का अडकतो? परदेशी जोडीदाराचं भारतीय नागरिकत्व

भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या आणि अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 5 खाली नोंदणीने नागरिकत्व मिळू शकतं. त्यासाठी फॉर्म 3 ऑनलाइन भरायचा आणि प्रिंट व कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. मुंबईत उपनगरवाल्यांनी वांद्रे पूर्वला, शहरवाल्यांनी फोर्टला जावं. मीरा रोडला राहत असाल तर जिल्हा ठाणे, हे आधी पाहून घ्या.

घोळ होतो तो 'सात वर्षं' या शब्दांत. लग्नाला सात वर्षं झाली म्हणजे पात्र झालो, असं नाही. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात हवेत, आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षं इथे काढलेली हवीत.

समजा चेंबूरची एक सून मूळची श्रीलंकेची. आई आजारी म्हणून ती ऑगस्ट 2024 मध्ये 24 दिवस कोलंबोला गेली, डिसेंबरात पुन्हा 9 दिवस. मार्च 2025 मध्ये अर्ज केला तर बारा महिन्यांत 33 दिवस बाहेर. केंद्र सरकार खास कारण पटलं तर सूट देतं, पण सगळे खंड मिळून जास्तीत जास्त 30 दिवसांची, आणि तीही हक्काची नव्हे. तिने सप्टेंबर 2025 पर्यंत थांबावं, म्हणजे ऑगस्टची फेरी हिशोबाबाहेर जाते आणि फक्त 9 दिवसांसाठी कारण द्यावं लागतं. जानेवारी 2026 मध्ये अर्ज केला तर सूट मागायचीही गरज नाही. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन तारखा कागदावर मांडा. तोंडी हिशोब हमखास चुकतो.

दुसरी अडचण व्हिसाची. मुदत संपल्यावरही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत 'अवैध स्थलांतरित' ठरते, आणि तिला नोंदणीचा हा रस्ता बंद होतो. म्हणून मुदतवाढ वेळेत मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मूळ नागरिकत्व मात्र मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी सोडू नका, नाहीतर दोन्ही देश हातचे जातील.

नकार आला तर? कलम 14 प्रमाणे सरकारला कारण सांगण्याचं बंधन नाही. माणसाने वर्षानुवर्षं इथे संसार करायचा आणि उत्तर एका ओळीचं! तरी वाट संपत नाही. केंद्र सरकारचा आदेश असेल तर त्याच्या तारखेपासून 30 दिवसांत कलम 15अ खाली फेरविचाराचा अर्ज करता येतो. कारण दिलं नाही म्हणून स्वस्थ बसू नका, प्रवासाचा तक्ता आणि व्हिसाची सलग साखळी त्याच अर्जाला जोडा. 'निर्णय अंतिम' असं कायदा म्हणत असला तरी मुंबई उच्च न्यायालयाचा राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालचा रिट अधिकार त्याने जात नाही. राज्यघटनेतला समानतेचा अनुच्छेद 14 नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, त्यामुळे मनमानी निर्णयाला तिथे आव्हान देता येतं. मात्र न्यायालय सहसा निर्णय कसा झाला ते तपासतं, स्वतः नागरिकत्व देऊन टाकत नाही.