कवटीवर चढवलेला चेहरा

समजा, उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी ओसरलं आणि नाशिकच्या होळकर पुलाखाली एक कवटी सापडली. ही कुणाची, हे कसं शोधायचं? कवटीवरून चेहरा घडवणं हा त्यातला एक मार्ग आहे. पद्धत आपल्याकडच्या मूर्तिकारांना ओळखीची वाटावी अशीच आहे, फक्त इथे माती पट्टीने मोजून लावतात.

मूळ कवटी पुरावा असते, म्हणून काम होतं तिच्या प्रतिकृतीवर. आधी हाडांवरून अंदाजे वय आणि लिंग ठरवतात. मग खोडरबराचे छोटे तुकडे कापून ठरलेल्या जागी चिकटवतात. प्रत्येक तुकड्याची उंची म्हणजे त्या जागच्या मांसाची सरासरी जाडी: कपाळावर जेमतेम ५ मिलिमीटर, गालावर त्याच्या कित्येक पट. स्नायू आणि त्वचा मातीने या उंचीपर्यंत भरत आणतात.

पण सरासरी म्हणजे कुणा एकाचा गाल नव्हे. तालमीतला पैलवान आणि महिनाभर तापाने झिजलेला माणूस, दोघांच्या कवट्या जवळपास सारख्या असू शकतात.

खरी पंचाईत नाकाची. नाकाचं टोक कूर्चेचं असतं आणि ती कुजून जाते. मागे उरतं एक भोक आणि त्याच्या तळाशी हाडाचा बारीक काटा. एका जुन्या नियमानुसार नाक या काट्याच्या लांबीच्या सुमारे तिप्पट पुढे येतं. काटा २ मिलिमीटरने मोडला असेल तर हिशोबात नाक ६ मिलिमीटरने आखूड होतं, आणि आरशात पाहा, ६ मिलिमीटरने माणूस किती बदलतो! कानाची ठेवण, भुवया, केस यांच्याबद्दल तर हाड फारसं बोलतच नाही. म्हणून पुतळ्याचे केस मुद्दाम ढोबळ ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. ठसठशीत केशरचना दिसली की ओळखीचा माणूसही बिचकतो.

मग याचा उपयोग काय? १९८९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहरात गालिचात गुंडाळलेला एक सांगाडा सापडला. वैद्यकीय चित्रकार रिचर्ड नीव्ह यांनी त्या कवटीवरून चेहरा घडवला, तो लोकांना दाखवला, आणि काही वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या मुलीचं नाव पुढे आलं. एवढ्यावर पोलीस थांबले नाहीत. दातांच्या नोंदी पडताळल्या, हाडातला डीएनए काढून आईवडिलांच्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा कुठे ओळख पक्की झाली. चेहऱ्याने फक्त कुठल्या घराचं दार ठोठवायचं ते सांगितलं होतं.

आपल्या कल्पनेतल्या पुतळ्याचा फोटो पाहून उद्या सिन्नरहून कुणी म्हणालं, "ही तर आमची ताईच!" तर तपास तिथून सुरू होतो. शोकात बुडालेल्या डोळ्यांना साम्य लवकर दिसतं, आणि त्याच फोटोवरून निफाडचं आणखी एक कुटुंबही येऊ शकतं. दोघांमधला निवाडा दाताचा एक्स-रे किंवा डीएनए करेल, माती नाही.