रेंज गेली म्हणजे टॉवरचाच घोळ?

"ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही. रेंज गेलीय ती टॉवरमुळे, येईल थोड्या वेळात. माझ्या पैशांना काय धोका?"

धोका आहे, कारण ओटीपी तुम्हाला विचारण्याची गरजच उरत नाही. भामटा तुमच्या नावाने कंपनीकडून नवं सिम मिळवतो. ते चालू होताच तुमचं सिम मरतं आणि पुढे ओटीपी त्याच्या फोनवर जाऊ लागतात. तुमचं वाय-फाय मात्र चालू असतं, त्यामुळे शंकाही येत नाही.

शेजारी त्याच कंपनीचं सिम असलेला फोन असेल तर तो बघा. त्याला पूर्ण रेंज आणि तुमच्या फोनवर "No Service"? मग त्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावा. तिकडे रिंग वाजतेय आणि तुमचा फोन गप्प असेल, तर नंबर बहुधा दुसऱ्याच्या हातात गेलाय. रिंग वाजली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याने फोन बंद ठेवला असेल.

फोन बंद-चालू करत बसू नका, तेवढ्यात खातं रिकामं होऊ शकतं. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं आणि ऑनलाइन व्यवहार गोठवा. लगेच सिम कंपनीला विचारा, "माझ्या नंबरवर नवं सिम किंवा ई-सिम दिलंय का?" दिलं असेल तर ते तिथल्या तिथे बंद करायला लावा. मग वाय-फायवरून ईमेलचा पासवर्ड बदला.